चाकणच्या प्रकल्पाचे आकडे टोरंटोत कसे वाचले जातात

"दादा, तुम्ही माझ्या भावाचे वर्गमित्र, म्हणून हक्काने विचारते. मी पुण्यात एका प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टन्सीत आहे आणि टोरंटोच्या आसपास बांधकाम क्षेत्रातल्या नोकऱ्यांसाठी अर्ज करतेय. रेझ्युमेत चाकणच्या कारखान्याबद्दल एवढं लिहिलंय: ४२ कोटींचा प्रकल्प वेळेत आणि बजेटमध्ये पूर्ण, एसपीआय १.०, सीपीआय १.०२, ३५० जणांची टीम, पीएमपी. एवढे आकडे देऊनही मुलाखतीचं बोलावणं येत नाही. काय चुकतंय?"

सगळ्यात आधी एसपीआय, म्हणजे वेळापत्रकाचा निर्देशांक, १.० खोडून टाक. इथे टोरंटोत रेझ्युमे चाळणाऱ्यांत निदान एक जण तरी प्लॅनिंगमधून वर आलेला असतो, आणि त्याचं मन तिथेच खट्टू होतं. सूत्र तुला पाठ असेलच:

SPI = EV / PV
CPI = EV / AC

EV म्हणजे झालेल्या कामाचं ठरलेलं मोल, PV म्हणजे तोवर व्हायला हव्या असलेल्या कामाचं. काम पूर्ण झालं की EV म्हणजे सगळ्या कामाचं ठरलेलं मोल, आणि PV सुद्धा तेवढंच. त्यामुळे प्रकल्प एक महिना उशिरा संपो की तीन वर्षं, शेवटचा एसपीआय १ च येणार. अर्ध्यावर असताना हा आकडा कामाचा असतो. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात तो आपोआप १ कडे सरकायला लागतो आणि उशीर झाकून टाकतो. पूर्ण झालेल्या प्रकल्पापुढे "एसपीआय १.०" लिहिलेलं दिसलं की वाचणारा दोनच अर्थ काढतो: हिला हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून लिहिलंय. खर्चाच्या निर्देशांकात, म्हणजे सीपीआयमध्ये, हा दोष नाही, कारण AC म्हणजे खरोखर झालेला खर्च, तो शेवटी EV शी जुळलाच पाहिजे असं काही नसतं. त्याच्याकडे नंतर वळतो.

परवा फोनवर तू जे सांगितलंस त्यावरून चाकणचा हिशेब असा: मूळ बेसलाइन, म्हणजे सुरुवातीला ठरलेलं वेळापत्रक, १४ महिन्यांची. मधेच मालकाने एक जादा बे, म्हणजे शेडचा आणखी एक गाळा, वाढवला, त्यासाठी २ महिन्यांची मुदतवाढ लेखी मंजूर झाली. ताबा दिला १७व्या महिन्याच्या शेवटी. म्हणजे मंजूर मुदतीच्या मानाने एक महिना उशीर, आणि मूळ मुदतीच्या मानाने तीन. वेळेच्या भाषेत एसपीआय हवाच असेल तर वॉल्ट लिप्के यांनी २००३ मध्ये मांडलेली अर्न्ड शेड्यूलची पद्धत आहे. तिने सुधारित बेसलाइनवर १६ भागिले १७, म्हणजे ०.९४ येतो, मूळ बेसलाइनवर ०.८२. हे रेझ्युमेत लिहू नकोस, पण मुलाखतीत तोंडावर असू दे.

आता "वेळेत पूर्ण" हे शब्द तुला वापरता येणार नाहीत. वाईट वाटेल, पण त्यांच्या जागी जे येतं ते जास्त वजनाचं आहे. इंग्रजीत तू तुझ्या पद्धतीने लिही, आशय असा हवा: मूळ कालावधी १४ महिने; मालकाने वाढवलेल्या कामापोटी २ महिन्यांची मंजूर मुदतवाढ; १७व्या महिन्यात हस्तांतर; उरलेला एक महिना उच्चदाब वीजजोडणी उशिरा मिळाल्याने; त्या काळात भाड्याच्या जनरेटरवर यंत्रांची चाचणी चालू ठेवली आणि मालकाची उत्पादन सुरू करण्याची तारीख सांभाळली. हे शेवटचं वाक्य म्हणजे तुझं खरं काम. ते तुझ्या चार पानांत कुठेच नाही, आणि "वेळेत पूर्ण" मात्र प्रत्येक प्रकल्पापुढे आहे. सगळेच प्रकल्प वेळेत झाले असं सांगणाऱ्यावर या धंद्यातला कोणीही विश्वास ठेवत नाही, पुण्यातही नाही.

पावसाळा कारण म्हणून देऊ नकोस. चाकणला जून ते सप्टेंबर पाऊस पडणार हे बेसलाइन बनवतानाच माहीत होतं. इथले लोक डिसेंबर ते मार्चची थंडी, गोठलेली जमीन आणि काँक्रीटला ऊब देण्याचा खर्च आधीच शेड्यूलमध्ये धरतात. त्यांना ऋतूचं कारण म्हणजे नियोजनातली चूक वाटते. उलट, पायाचं काम मेअखेर उरकून पावसाळ्यात शेडचं छप्पर आधी घालून घेतलं, असं काही केलं असशील तर ते जरूर लिही. थंडीशी तुझी गाठ पडलेली नाही, पण ऋतूभोवती काम कसं बसवायचं ते तुला येतं, हे त्यातून कळतं.

बजेटकडे वळू. ४२ कोटी हा शब्दच इथे वाचता येत नाही. कॅनेडियन डॉलरचा दर बदलता आहे. साठ-पासष्ट रुपयांच्या आसपास धरला तर ही रक्कम साडेसहा ते सात मिलियन डॉलर होते. एवढंच लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल की एखादी शाळा दुरुस्त केली असेल. आपल्याकडे मजुरी स्वस्त असल्यामुळे त्याच पैशात कितीतरी मोठं बांधकाम उभं राहतं, म्हणून पैशाला जोडून आकार द्यायचा. तुझा कारखाना १८,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १ लाख ९४ हजार चौरस फूट. इथे औद्योगिक इमारती चौरस फुटांतच बोलल्या जातात. हा आकडा पाहिला की वाचणारा सावरून बसतो, कारण सात मिलियनमध्ये इथे त्याच्या निम्मंही उभं राहणार नाही. लाखाचा स्वल्पविराम त्यांच्या पद्धतीने तीन-तीन अंकांवर दे, आणि रुपयातली मूळ रक्कम मिलियनमध्ये कंसात ठेव, म्हणजे संदर्भ विचारताना घोळ होणार नाही.

पण त्याहून मोठा प्रश्न आहे बजेट कोणाचं. तू कंत्राटदाराकडे नाहीस, मालकाच्या बाजूच्या सल्लागाराकडे आहेस. पैसा मालकाचा, खर्च कंत्राटदारांचा, आणि तू कंत्राटदारांची आरए बिलं, म्हणजे चालू कामाची बिलं, तपासून प्रमाणित करत होतीस. "४२ कोटींचं बजेट सांभाळलं" असं लिहिलंस तर पहिलाच प्रश्न येईल, सही कितीपर्यंतची होती? तू म्हणालीस की ५ लाखांपर्यंतची जादा कामं तुझ्या सहीवर होत, त्यापुढची मालकाकडे शिफारस करून. हेच लिही. छोटा वाटला तरी हा आकडा तुझा आहे, ४२ कोटी तुझे नाहीत.

आणि "बजेटमध्ये" हे कुठल्या बजेटमध्ये? मूळ ४२ कोटी, वाढीव बेचे मंजूर ३.६ कोटी, मिळून ४५.६. शेवटचा खर्च ४४.८ कोटी. तुझा सीपीआय १.०२ हा ४५.६ भागिले ४४.८, म्हणजे सुधारित बजेटवरचा. तो बरोबर आहे. मात्र मूळ रकमेपेक्षा खर्च २.८ कोटींनी, म्हणजे साडेसहा टक्क्यांहून थोडा जास्त झाला आणि ती वाढ मालकानेच मागितलेल्या कामाची होती. तिन्ही रकमा एका ओळीत दे: मूळ, मंजूर वाढ, अंतिम. मग सीपीआय लिहिण्याची गरजच उरत नाही, वाचणारा मनातल्या मनात काढतो. गुप्ततेचा करार असेल तर मालकाचं नाव गाळ, "वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना" पुरे, आणि रकमा गोल कर.

टीमबद्दल फार सांगायचं नाही. ३५० हे सहा कंत्राटदारांचे मजूर, तेही ऐन भरात असतानाचे. तुझ्या हाताखाली थेट ९ जण: प्लॅनिंग, क्वांटिटी, सेफ्टी आणि साइटचे इंजिनिअर. दोन्ही आकडे वेगवेगळे लिही, ९ आधी. इथे मजुरांची हजेरी आणि शिस्त ही सुपरिंटेंडंट नावाच्या वेगळ्या माणसाची जबाबदारी असते, त्यामुळे ३५० वाचून तुला त्या पदासाठी बाजूला काढण्याचीही शक्यता आहे. सहा कंत्राटदार एकाच मजल्यावर एकमेकांच्या पायात येत असताना तू आठवड्याची समन्वयाची बैठक चालवायचीस, ते एका वाक्यात येऊ दे.

पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र तुझ्या नावाच्या ओळीतच, नावाला लागून. खाली प्रमाणपत्र क्रमांक आणि मुदत कधी संपते ते. ते देणाऱ्या पीएमआय या संस्थेच्या सार्वजनिक यादीत नाव टाकून कोणीही खात्री करू शकतो, आणि करतात. पासपोर्टवरचं नाव, रेझ्युमेतलं नाव आणि त्या यादीतलं नाव एकच ठेव. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर हे आधी पाहा. दर तीन वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे शिकत राहिल्याचे गुण, भरावे लागतात. ते राहिले तर प्रमाणपत्र वर्षभर निलंबित राहतं, आणि त्या वर्षात नावापुढे पीएमपी लावता येत नाही.

इथल्या बांधकाम कंपन्यांना पीएमपी माहीत आहे, पण त्यांच्या जवळचं प्रमाणपत्र म्हणजे कॅनेडियन कन्स्ट्रक्शन असोसिएशनचं गोल्ड सील. ते इथे आल्यावरच्या कामांतलं. तुझं बी.ई. सिव्हिल शिक्षणाच्या रकान्यात असू दे, मात्र नावाआधी "इंजि." लावू नकोस. "पी. इंज." ही पदवी परवाना मिळालेल्यांसाठी कायद्याने राखीव आहे. ऑन्टारिओत तो परवाना देणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली, म्हणून त्याचा अर्ज पुण्यातून सुरू करता येतो का, ते तू स्वतः तपासून घे.

आणखी एक धागा स्थलांतराचा. तू कायम वास्तव्यासाठी एक्सप्रेस एंट्रीमधूनही अर्ज करणार म्हणतेस. तिथे कंपनीच्या अनुभवपत्रात पद, तारखा, प्रत्यक्ष कामं, आठवड्याचे तास आणि पगार लागतो. एनओसी, म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय वर्गीकरणात, बांधकाम व्यवस्थापकांचा क्रमांक ७००१०. पत्रात तुझं पद "सीनियर इंजिनिअर" आणि रेझ्युमेत "प्रोजेक्ट मॅनेजर" असं झालं तर दोन्हीकडे अडचण. एचआरने ठेवलेलं पद तसंच लिही आणि काय काम केलंस ते खाली स्पष्ट कर.

बाकी किरकोळ. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव काढ. शेवटचं "वरील माहिती खरी आहे" हे प्रतिज्ञापत्र आणि "स्थळ: पुणे" सुद्धा. दोन पानं, कागद लेटर आकाराचा, ए-फोर नव्हे. आरए बिल, पीईबी, ईओटी ही लघुरूपं पहिल्यांदा येतील तिथे पूर्ण लिही.

राजीनामा देण्याआधी प्रत्येक प्रकल्पाच्या मूळ आणि सुधारित तारखा, तिन्ही रकमा आणि मुदतवाढीचं कारण स्वतःच्या वहीत उतरवून ठेव. कंपनीची कागदपत्रं सोबत आणायची नाहीत. मालकाच्या बाजूच्या ज्या अधिकाऱ्याने चाकणला मुदतवाढ मंजूर केली, त्याला संदर्भासाठी नाव देऊ का म्हणून आत्ताच विचारून ठेव. इथून फोन गेला तर भारतीय वेळ आणि त्याचा चालू नंबर दोन्ही लागतील.