दोन वर्षांचा मुलगा सहा-सात शब्दच बोलतो, थांबावं की दाखवावं?

प्रश्न: मुलगा नुकताच दोन वर्षांचा झाला. आई, बाबा, मंमं, भू असे सहा-सात शब्दच बोलतो. सासूबाई म्हणतात, याचा बाबाही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला. भांडं पडलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं ना? जन्मल्यावर कानाची टेस्टही पास झाली होती. आम्ही डोंबिवलीला राहतो.

उत्तर: दाखवा, आणि सुरुवात कानापासून करा. मी मुंबईत लहान मुलांची स्पीच थेरपिस्ट आहे. 'भांडं पडलं की दचकतो' हे मला बहुतेक घरांतून ऐकायला मिळतं. त्यावरून एवढंच कळतं की मूल ठार बहिरं नाही. पडलेलं भांडं, कुकरची शिट्टी, दाराची बेल हे सगळे मोठे आवाज. बोलण्यातले स, श, फ हे बारीक, हलके आवाज असतात, आणि ऐकणं थोडंसं कमी असलं तरी तेच आधी निसटतात.

जन्मानंतरच्या टेस्टचंही तसंच. ती त्या दिवसापुरती असते. नंतर सर्दी-पडशाने पडद्यामागे पाणी साठू शकतं, किंवा ऐकू येणं हळूहळू कमीही होऊ शकतं.

माझ्याकडे आलेली एक मुलगी सांगते. तिची आई म्हणे, 'हिला सगळं कळतं, चल भुर्र म्हटलं की दाराशी पळते.' मी आईला पर्स न उचलता, मुलीच्या पाठीमागून, साध्या आवाजात तेच म्हणायला सांगितलं. मुलगी ठोकळे रचत बसली. ती शब्द ऐकून पळत नव्हती, पर्स बघून पळत होती. बोलायची ती 'आऊ', 'ईआ' असं, नुसते स्वर. टिम्पॅनोमेट्रीचा आलेख सपाट आला, म्हणजे पडदा नीट हलत नव्हता. दोन्ही कानांत चिकट पाणी होतं. दुखत नव्हतं, ताप नव्हता, म्हणून घरी कुणाला शंका आली नाही. असं पाणी बऱ्याचदा तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून ईएनटी डॉक्टरांनी आधी वाट पाहिली. तिचं ओसरलं नाही, तेव्हा पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. पुढे थेरपीही लागली, कारण इतके दिवस अर्धवट ऐकलेलं भरून काढायचं होतं.

ही पर्सवाली चाचणी तुम्हीही घरी करून बघा. टीव्ही बंद, हातवारे नाहीत, नजरही वस्तूकडे नाही, आणि म्हणा, 'चप्पल आण.' आणली तर फार चांगलं लक्षण, पण म्हणून कानाची टेस्ट टाळू नका.

आता सासूबाईंचं. त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत. शंभरातली दहा-पंधरा मुलं दोन वर्षांपर्यंत कमी बोलतात आणि त्यातली बरीचशी पुढे बरोबरीला येतात. पण आपलं मूल त्यातलंच का, हे आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. या वयाला साधारण पन्नास शब्द आणि 'बाबा ये' अशी दोन शब्दांची जोडी अपेक्षित असते. मोजताना सगळ्या भाषांतले शब्द धरा, 'भू'सुद्धा धरा. घरात मराठी आणि शेजारी हिंदी, म्हणून बोलणं उशिरा येत नाही, तेव्हा कुणी सांगितलं म्हणून घरची मराठी बंद करू नका.

कान ठीक निघाले तर मी शब्दांपेक्षा बाकीचं बघेन. विमान दिसलं की बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघतो का? बाहुलीला खोटंखोटं भरवतो का? हाक मारली की बघतो का? हे सगळं असेल आणि समजही चांगली असेल, तर काळजी पुष्कळ कमी. बोट दाखवत नसेल, किंवा आधी येणारे शब्द बोलायचा थांबला असेल, तर थेट विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांकडे जा. शब्द गळणं हे कुठल्याही वयात थांबण्यासारखं नसतं.

तुम्हाला वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था किंवा मुंबई सेंट्रलचं नायर हॉस्पिटल सोयीचं पडेल. दोन्हीकडे कानाची आणि बोलण्याची तपासणी होते. तिथे टिम्पॅनोमेट्री, ओएई आणि गरज पडली तर बेरा करतात. ओएईत कानाच्या आतल्या पेशी आवाजाला प्रतिसाद देतात का ते बघतात, आणि बेरात नस तो आवाज मेंदूपर्यंत नेते का ते. ओएईवर थांबू नका, विशेषतः बाळ एनआयसीयूत होतं किंवा कावीळ खूप वाढली होती तर. कानातल्या पेशी ठीक असूनही पुढची नस संदेश नीट नेत नाही, असं अशा बाळांत होऊ शकतं, आणि ते बेरातच दिसतं. बेरा झोपेत करतात. त्यामुळे आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि लोकलमध्ये डुलकी लागू देऊ नका, नाहीतर तिथे टक्क जागा राहील. नाक वाहत असेल तर टेस्टआधी सांगा, सर्दीतही ओएई फेल येते. मग सर्दी गेल्यावर ती पुन्हा करून घ्यावी लागते.