कोरस, सूत्रधार, निवेदक: शब्द कुणाचा कुणाला लावायचा?

प्रश्न: आम्ही सोफोक्लीसचं ‘अँटिगनी’ मराठीत बसवतोय. संहितेत कोरसच्या जागी ‘सूत्रधार’ लिहावं असं काहींचं म्हणणं आहे, काही जण ‘निवेदक’ म्हणतात. यातला बरोबर शब्द कोणता? आणि सूत्रधार हा शब्द कळसूत्री बाहुल्यांवरून आलाय, हे खरं का?

उत्तर: या जागी दोन्ही शब्द चालणार नाहीत. कोरस म्हणजे ग्रीक नाटकातला गाणारा-बोलणारा समूह, तो गोष्टीच्या आत राहतो. सूत्रधार आणि निवेदक बाहेर उभे असतात, तेही वेगवेगळ्या जागी. नावं ठेवताना ही जागाच बघायला हवी.

आधी बाहुल्यांचं. ‘सूत्र धारण करणारा’ एवढाच शब्दाचा अर्थ, पण ते सूत्र कसलं? बाहुल्यांची दोरी हे उत्तर पिशेल या जर्मन पंडितानं मांडलं आणि ते लोकांच्या मनात बसलं, कारण चित्र डोळ्यांपुढे लगेच उभं राहतं. मला स्वतःला दुसरं उत्तर जास्त पटतं. संस्कृतात सूत्रधार म्हणजे मोजमापाची दोरी धरणारा, म्हणजे वास्तुकार किंवा लाकूडकाम करणारा, असाही अर्थ आहे. आपला ‘सुतार’ त्याच शब्दापासून आला. सुतार रंगात बुडवलेली दोरी फळीवर ताणून टणकन सोडतो आणि सरळ रेघ उमटते, तीच ही दोरी. ‘सुतासारखा सरळ’ आपण तिच्यावरूनच म्हणतो. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची जमीन पांढऱ्या दोरीनं मोजायला सांगितली आहे, आणि ती दोरी मध्येच अर्ध्यावर तुटली तर नाट्यगृहाच्या मालकाचा मृत्यू ओढवतो, असा इशाराही आहे. रंगभूमीच्या जगात इतक्या जपून धरायची दोरी असताना बाहुल्यांच्या दोरीपर्यंत जायची गरज मला वाटत नाही. व्युत्पत्तीचा हा वाद मात्र पूर्ण मिटलेला नाही.

आता हा सूत्रधार नाटकात करतो काय? ‘शाकुंतल’ उघडून पाहा. नांदी संपते, सूत्रधार येतो आणि पडद्यामागे पाहून नटीला हाक मारतो, की रंगभूषा झाली असेल तर इकडे ये. कालिदासाचं नवं नाटक करायचंय हे तो तिला सांगतो. नटी ग्रीष्मऋतूचं गाणं गाते. गाणं संपल्यावर सूत्रधार तिलाच विचारतो, आता कोणतं नाटक करू या? नटी म्हणते, तुम्हीच तर आत्ता सांगितलंत ना. तो म्हणतो, खरंच विसरलो. तुझ्या गाण्यानं मला ओढून नेलं, जसं या वेगवान हरणानं दुष्यंत राजाला ओढून नेलंय. एवढं बोलून दोघं आत जातात आणि हरणामागे धावणारा राजा प्रवेश करतो. हा सूत्रधार पुढे सात अंकांत पुन्हा दिसत नाही. मूळ संस्कृत सूत्रधार म्हणजे दारापर्यंत पोचवून परत फिरणारा माणूस. (विसरण्यावर उभ्या असलेल्या नाटकाची सुरुवात सूत्रधाराच्या विसरण्यानं व्हावी, हे कालिदासाचं कसब मला प्रत्येक वाचनात नव्यानं जाणवतं.)

तो नट आहे, मंडळीचा प्रमुख आहे आणि आपण नाटक करतोय हे त्याला ठाऊक आहे. ही त्याची खूण. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त तर तो उघड सांगतो, की कामापुरता मी आता अयोध्येचा आणि त्या काळचा झालो. म्हणजे दाराच्या आत पाऊल टाकताना तो आपली जागा बदलल्याचं आपल्याला कळवतो.

कोरसला असलं काही सांगावं लागत नाही, कारण तो पहिल्यापासून तिथलाच असतो. ग्रीक ‘खोरोस’चा अर्थ नाच आणि नाचणारा समूह. तो जिथे नाचायचा त्या गोलाकार जागेला ‘ऑर्खेस्त्रा’ म्हणत, तोच आपला ऑर्केस्ट्रा. समूहात आधी बारा जण असत, सोफोक्लीसनं ते पंधरा केले असं परंपरा सांगते. पण आकड्यापेक्षा ते कोण असतात हे महत्त्वाचं. ‘अँटिगनी’त ते थीब्ज नगरातले वृद्ध आहेत. क्रेऑन राजानं त्यांना निरोप पाठवून बोलावलंय. राजा रागावला तर तो त्यांच्यावरही रागावणार.

तुमच्या नाटकातल्याच तीन जागा बघा. अँटिगनीचा भाऊ पॉलिनायकीस याला मूठमाती द्यायला क्रेऑननं बंदी केलीय. पहारेकरी येऊन सांगतो, की त्याच्या प्रेतावर कुणीतरी माती टाकली. तेव्हा वृद्ध चाचरत म्हणतात, हे देवाचं तर काम नसेल? क्रेऑन त्यांच्यावर खेकसतो. नंतर तो माती टाकणारी अँटिगनी आणि तिची बहीण इस्मिनी या दोघींना मारायची भाषा करतो. वृद्ध विचारतात, दोघींनाही? क्रेऑन थबकतो आणि इस्मिनीला सोडतो. एका प्रश्नानं एक जीव वाचतो. तिसरी जागा शेवटाकडची. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस शाप देऊन गेल्यावर क्रेऑन हादरतो, काय करू म्हणून वृद्धांनाच विचारतो. ते नेमका क्रम सांगतात: आधी जा आणि त्या मुलीला गुहेतून सोडव, मग उघड्यावर पडलेल्याला मूठमाती दे. क्रेऑन निघतो, पण आधी प्रेताकडे जातो. अंत्यविधी उरकून गुहेपाशी पोचेपर्यंत अँटिगनीनं गळफास घेतलेला असतो.

इथे ‘सूत्रधार’ लिहिलंत तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. सूत्रधाराला नाटक माहीत असतं. शेवट ठाऊक असलेल्यानं ‘आधी मुलीला सोडव’ म्हटलं, तर ती प्रेक्षकांसाठी आधीच दिलेली सूचना होते. शेवट ठाऊक नसलेल्या, भ्यालेल्या म्हाताऱ्यांनी म्हटलं, तरच तो सल्ला असतो आणि तो उलट्या क्रमानं पाळला गेल्याचं दुःख होतं. ‘निवेदक’ लिहिलंत तर आणखी बिघडेल. निवेदन म्हणजे घडलेलं सादर करणं, आणि निवेदकाला राजा ‘काय करू?’ असं विचारत नाही.

कोरसला मर्यादाही आहेत, आणि त्या याच जागेमुळे आहेत. एस्किलसच्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’मध्ये (इ.स.पू. 458) राजवाड्यातून राजाची किंकाळी ऐकू येते. बाहेर उभे असलेले वृद्ध एकामागून एक दोन-दोन ओळी बोलतात. कुणी म्हणतो लोकांना हाक मारू, कुणी म्हणतो आत्ताच आत घुसू, कुणी म्हणतो आधी खात्री करून घेऊ. बोलणं संपतं तोवर दार उघडतं आणि राजाचा मृतदेहच समोर येतो. कोरसनं ऑर्खेस्त्रा सोडून वाड्यात धावत जायचं, ही त्या रंगभूमीची रीतच नव्हे. एस्किलसनं त्या रीतीतून नागरिकांची हतबलता उभी केली. कोरस सल्ला देऊ शकतो, शोक करू शकतो, दार मात्र उघडू शकत नाही.

मराठीत घोटाळा होतो त्याचं कारण आपल्या सूत्रधाराच्या इतिहासात आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ त्याआधी सांगलीत झाले होते आणि सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी तसंच काही मराठीत करायला भाव्यांना सांगितलं. त्या नाटकातला सूत्रधार प्रस्तावना करून निघून जात नाही. तो रंगमंचावरच थांबून पदांतून कथा सांगतो, साथीदार त्याला साथ करतात आणि पात्रं त्या गाण्याच्या आधारे आपापलं बोलतात. म्हणजे नाव संस्कृत सूत्रधाराचं, काम कर्नाटकी यक्षगानात गाऊन कथा सांगणाऱ्या भागवताचं. पुढे 1880 साली किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त सूत्रधार आणि नटी पुन्हा संस्कृत मापात आले. मराठी माणसाच्या कानात ही दोन्ही मापं एकाच शब्दात राहिली आहेत, म्हणून रंगमंचावर थांबून बोलणारा कुणीही आपल्याला सूत्रधार वाटतो. वर्तमानपत्रातला ‘कटाचा मुख्य सूत्रधार’ त्यात भर घालतो. तो तर सगळं मागे राहून घडवून आणणारा. असा अर्थ मनात ठेवून थीब्जच्या वृद्धांकडे पाहिलं, तर ते क्रेऑनला खेळवताहेत असं वाटायला लागेल.

दोन्ही जागा एकाच नाटकात वेगवेगळ्या पाहायच्या असतील, तर तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ (1972) आहे. तिथे सूत्रधार आहे आणि ब्राह्मणांची रांगही आहे. रांग पुण्याच्या आतली. तीच भिंत होते, तीच पडदा होते, तीच पाठ फिरवून उभी राहते आणि मागे जे चाललंय ते झाकते. बावनखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे, निघालेल्या भटजींना सूत्रधार वाटेत अडवून कुठे चाललात असं विचारतो, तेव्हा आतला आणि बाहेरचा असे दोघं समोरासमोर उभे असतात. ग्रीक कोरसच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी गोष्ट मला विचाराल तर ती रांग आहे, तो सूत्रधार नव्हे. फरक असा, की थीब्जचे वृद्ध बघून बोलतात आणि ही रांग बघून झाकते.

निवेदकाचं उदाहरण ब्रेख्तच्या खडूच्या वर्तुळाच्या नाटकात आहे, खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून मराठीत आणलं ते. तिथला गायक एका जागी सांगतो, की ती काय बोलली नाही पण मनात काय म्हणाली ते ऐका. पात्राच्या मनात शिरायची ही मुभा ना कोरसला असते, ना संस्कृत सूत्रधाराला. ती कथा सांगणाऱ्याला असते, म्हणून तिथे ‘निवेदक’ किंवा सरळ ‘गायक’ शोभतो.

तुमच्या संहितेसाठी मी ‘नगरज्येष्ठ’ लिहीन. ‘वृंद’ शब्द चर्चेत ठीक आहे, पण कानाला तो गाणाऱ्यांचा वाटतो आणि ‘कोरस’ तर आपल्याकडे साथीला गाणाऱ्यांचाच झालाय. ‘झीलकरी’ही कुणी सुचवेल, मात्र झीलकरी मुख्य गाणाऱ्याचे शब्द उचलून धरतो, त्याला स्वतःचं मत नसतं. या वृद्धांना आहे.

आणि एक व्यवहारातली गोष्ट. ग्रीक संहितेत गाण्यांपुढे आणि साध्या संवादांपुढेही ‘कोरस’ एवढंच छापलेलं असतं. संवाद मात्र एकटा प्रमुख बोलतो असं मानतात. म्हणून ‘दोघींनाही?’ हा प्रश्न पंधरा जणांच्या तोंडी देऊ नका, त्याची घोषणा होईल. तिथे ‘पहिला ज्येष्ठ’ लिहा. गाण्यांत कोरस स्वतःला पुष्कळदा ‘मी’ म्हणतो. भाषांतरात तो ‘आम्ही’ करून टाकायचा मोह होतो. जिथे भीती किंवा आठवण बोलतेय तिथे ‘मी’ तसाच ठेवा आणि तालमीत पंधरा जणांकडून एकत्र म्हणवून बघा.