आधी दप्तर, मग माणूस

वकीलबाई,

रविवारी फोनवर तू रडकुंडीला आली होतीस. एकीकडे पक्षकार म्हणतो, "मॅडम, इतके कागद मागाल तर जमीन हातची जाईल." दुसरीकडे विकणारे भाऊ म्हणतात, "आमच्यावर विश्वास नसेल तर राहू द्या." आणि तू मला विचारलंस, भाषा कशी मऊ करू? तुझं पत्र मी दोनदा वाचलं. भाषा मऊच आहे, उलट जरा जास्तच. 'कृपया' पाच वेळा आलंय. चूक भाषेत नाही. तू एकोणीस कागद मागितलेस आणि त्यातले तेरा तुझे तुलाच मिळणारे आहेत.

आधी दप्तर, मग माणूस. तू माझ्या ऑफिसात होतीस तेव्हाही मी हे सांगून सांगून तुला कंटाळा आणला होता.

सातबारा, आठ अ, फेरफार, इंडेक्स दोन, नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल, यातलं काहीही विकणाऱ्याच्या मेहेरबानीवर नाही. जुने फेरफार 'आपले अभिलेख'वर मिळतात, तिथे नसले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे फी भरून मिळते. आठवडा जाईल, चार चकरा होतील. पण तोच कागद तू त्या भावांकडे मागितलास की त्यांना वाटतं, बाई आपल्याला तपासतेय. आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. वकिलीच्या चौथ्या वर्षी मी एका निवृत्त शिक्षकांना एकतीस कागदांची यादी पाठवली होती. टाइप केलेली, अनुक्रमांकासह, खाली 'सात दिवसांच्या आत'. त्यांनी ती घडी घालून परत पाठवली आणि जमीन दुसऱ्याला विकली. पक्षकाराने माझी फी बुडवली ती वेगळीच. यादीतला एकही कागद अनावश्यक नव्हता, हे मी आजही म्हणतो. पण त्यातले निम्म्याहून जास्त मी स्वतः आणू शकत होतो. आळस माझा होता आणि हिशेब मी त्यांच्याकडे मागत होतो.

आता तुझ्या प्रकरणाकडे येऊ. वडील 1991 मध्ये गेले. वारस नोंदीत दोन भाऊ आणि तीन बहिणी, पाचही नावं लागली. पुढे 2004 च्या फेरफाराने बहिणींची नावं गेली आणि सातबारावर दोघे भाऊ उरले. शोधात हक्कसोडपत्र सापडलं नाही, म्हणून तू यादीत लिहिलंस, 'बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र सादर करावे.'

तो फेरफार तू पूर्ण वाचलास का? फोनवर तू म्हणालीस की फक्त क्रमांक पाहिला. मला राग आला तो इथे. फेरफारात नाव कमी झाल्याचं कारण लिहिलेलं असतं. दस्त क्रमांक दिला असेल तर कोणाला काही विचारायचीच गरज नाही, नक्कल काढ. तारीख आहे पण क्रमांक नाही, असं असेल तर थोडं थांब. हवेलीत दुय्यम निबंधकांची कार्यालयं अनेक आहेत, दस्त दुसऱ्या नंबरच्या कार्यालयात झालेला असू शकतो. जुन्या इंडेक्सची पानंही फाटलेली असतात. शोधात दिसलं नाही म्हणून झालंच नाही, असं लिहून मोकळी होऊ नकोस.

आणि फेरफारात 'बहिणींच्या जबाबावरून' एवढंच असेल, मला तेच असेल असं वाटतंय, तर तू मागतेयस तो कागद जगात कधी नव्हताच. तलाठ्यासमोर 'आम्हाला हिस्सा नको' असं सांगून अंगठा दिला, नाव कमी झालं, पण हिस्सा गेला नाही. स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणी अधिनियमाच्या कलम 17 प्रमाणे नोंदणीकृत दस्त लागतो, आणि फेरफार हा मालकीचा दस्त नव्हे. अशा वेळी 'हक्कसोडपत्र सादर करा' म्हणणं म्हणजे भल्या माणसाला कोपऱ्यात ढकलणं. तो गप्प बसतो, सौदा लांबतो. किंवा कुणीतरी सल्ला देतो आणि जुन्या स्टँपवर मागल्या तारखेचा कागद तयार होऊन तुझ्या टेबलावर येतो. मग खरंच आरोप करायची वेळ येते. त्यापेक्षा उपाय माग. बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र आता करून द्यावं, नाहीतर खरेदीखतात त्यांना घ्यावं. आणि नुसतं 'मान्यता देणार' म्हणून नको, 'लिहून देणार' म्हणून घे. त्यांचा हिस्सा त्यांनीच विकला पाहिजे. त्यांच्यातली एखादी वारली असेल तर तिचे वारस येतील.

पत्र असं लिही: "फेरफार क्र. अमुकमध्ये तिघी भगिनींची नावे जबाबावरून कमी झाल्याचे दिसते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले असल्यास दस्त क्रमांक किंवा अंदाजे वर्ष कळवावे, नक्कल आम्ही काढून घेऊ. झाले नसल्यास तसे कळवावे, म्हणजे भगिनींची नावे खरेदीखताच्या मसुद्यात घेता येतील. मसुदा व जाहीर नोटिशीचे काम दरम्यान सुरू आहे." बस. 'त्रुटी', 'लपवले', 'तात्काळ' यातलं काही नको. 'नाही' हे उत्तरही चालेल, हे त्यांना दिसलं पाहिजे. आणि काम थांबलेलं नाही, हे तुझ्या पक्षकाराला.

विकणाऱ्याकडे मागण्यासारखं मग फार थोडं उरतं: मूळ दस्त, नोंदणी न झालेलं मृत्युपत्र असल्यास ते, कुलमुखत्यारपत्र, घरातल्या वाटणीचा कागद. त्यात मूळ खरेदीखताबाबत मात्र मी हट्टी आहे आणि राहणार. एकदा भिडेखातर मी झेरॉक्सवर भागवलं होतं. विकणारा पक्षकाराच्या नात्यातला, घरी जेवलेलो. मूळ दस्त एका पतपेढीत ठेवून त्याने कर्ज काढलं होतं. तेव्हा अशा गहाणाची नोंद शोधात दिसत नसे. 2013 पासून त्याची सूचना नोंदणी कार्यालयात द्यावी लागते, पण सगळे देतातच असं समजू नकोस. पक्षकार पाच वर्षं कोर्टात होता. म्हणून तू विचार, पण 'मूळ दस्त का दिला नाही' असं नको, 'मूळ दस्त सध्या कुठे आहे' असं विचार. बँकेत आहे, हे साधं उत्तर आहे, मग बाकी कर्जाचं पत्र घ्यायचं. हरवला असेल तर पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस, प्रतिज्ञापत्र. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 ने विकणाऱ्याला आपल्याकडचे दस्त मागितल्यावर दाखवावेच लागतात, त्यामुळे मागताना ओशाळू नकोस. फक्त ते कलम पत्रात लिहू नकोस. मी लिहीत असे. वाचणाऱ्याला ती नोटीस वाटते.

सोमवारी सकाळी तहसीलला जा, फेरफाराची नक्कल हातात घे, मगच मोठ्या भावाला फोन कर. पत्र फोननंतर. फोनवर पहिला प्रश्न बहिणी सध्या कुठे असतात, एवढाच विचार. पुण्यातच असतील तर सह्यांचा दिवस मोठ्या भावालाच ठरवू दे. नक्कल मिळाली की मला फोटो पाठव. शेऱ्याचा रकाना नीट दिसेल असा.

तुझा,
सर