दुसरे विकलज शून्य, तरीही वक्राचे वळण तेच: असे का घडते?

प्रश्न: f''(x) = 0 सोडवून जे बिंदू मिळतात ते सगळे इन्फ्लेक्शन पॉइंटच असायला हवेत ना? मग काही ठिकाणी वक्राचे वळण बदलतच नाही, असे का?

उत्तर: नाही, ते सगळे इन्फ्लेक्शन पॉइंट असतीलच असे नाही. ज्या बिंदूच्या एका बाजूला वक्र वरच्या दिशेने उघडा आणि दुसऱ्या बाजूला खालच्या दिशेने उघडा असतो, त्याला आपण इन्फ्लेक्शन पॉइंट म्हणतो. अशा बिंदूपाशी f' वाढता वाढता घटू लागते किंवा घटता घटता वाढू लागते, म्हणजे f' ला तेथे स्थानिक महत्तम किंवा लघुत्तम मूल्य मिळते. त्यामुळे तेथे f'' अस्तित्वात असेल, तर ते शून्यच असावे लागते. हे विधान उलट दिशेने मात्र खरे नाही. f'' शून्यापर्यंत येऊन पुन्हा त्याच चिन्हाकडे परत जाऊ शकते.

याचे उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी x⁴ दिले जाते. मला पुढील फलन अधिक उपयोगी वाटते, कारण यात खरा आणि फसवा असे दोन्ही बिंदू एकत्र दिसतात:

f(x) = 3x⁵ − 5x⁴

f'(x) = 15x⁴ − 20x³

f''(x) = 60x³ − 60x² = 60x²(x − 1)

f'' शून्य होते ती ठिकाणे दोन, x = 0 आणि x = 1. आता चिन्हे पाहू. f''(−1) = −120, f''(0.5) = −7.5 आणि f''(2) = 240. म्हणजे x = 1 ओलांडताना ऋण चिन्ह धन होते आणि (1, −2) हा खरा इन्फ्लेक्शन पॉइंट ठरतो. x = 0 च्या मात्र दोन्ही बाजूंना f'' ऋणच आहे, म्हणून वक्र तेथे अखंडपणे खालच्या दिशेनेच उघडा राहतो.

कारण अवयवांतच दिसते. (x − 1) हा अवयव एकदाच येतो, त्यामुळे 1 ओलांडताना त्याचे चिन्ह पालटते; x मात्र वर्गाच्या रूपात आहे आणि वर्ग कधीच ऋण होत नाही, म्हणून 0 ओलांडताना f'' चे चिन्ह पालटवणारे काहीच उरत नाही. बहुपदीच्या बाबतीत नियम एवढाच आहे की f'' चे मूळ विषम वेळा येत असेल तर वळण बदलते, सम वेळा येत असेल तर बदलत नाही.

हाच फरक स्पर्शिकेवरूनही पडताळता येतो. x = 0 येथील स्पर्शिका y = 0 आहे आणि f(x) = x⁴(3x − 5) असल्यामुळे वक्र त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना तिच्या खालीच राहतो. x = 1 येथील स्पर्शिका y = 3 − 5x आहे; फलनातून ती वजा केल्यास (x − 1)³(3x² + 4x + 3) उरते. त्यातील द्विघाती अवयव नेहमी धन असतो, पण घनाचे चिन्ह 1 पाशी बदलते, म्हणून तेथे वक्र स्पर्शिकेला ओलांडून पलीकडे जातो.

x = 0 येथे या फलनाचे स्थानिक महत्तम मूल्य आहे, त्यामुळे वळण न बदलण्याचे कारण तेच असावे असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. f मध्ये 7x मिळवून पाहा: नव्या फलनाचे पहिले विकलज x = 0 येथे 7 होते, तेथील महत्तम मूल्य नाहीसे होते, पण f'' जसेच्या तसे राहते आणि वळणही तेच राहते.

चिन्हे तपासताना एक चूक वारंवार होते. x = 0 साठी −1 आणि 2 या किमती घेतल्या, तर −120 आणि 240 मिळतात आणि चिन्ह बदलल्याचा भास होतो; प्रत्यक्षात तो बदल 1 पाशी झालेला असतो. म्हणून आधी f'' ची सर्व मुळे, तसेच f'' अस्तित्वात नाही असे बिंदू, संख्यारेषेवर मांडावेत आणि लगतच्या दोन बिंदूंच्या मधलीच किंमत घ्यावी. आलेखाच्या नुसत्या चित्रावरही येथे विसंबता येत नाही: f(0.1) = −0.00047 आणि f(−0.1) = −0.00053 असल्यामुळे शून्याजवळ वक्र सरळ रेषेसारखाच दिसतो.

चिन्हांऐवजी पुढची विकलजे काढूनही निर्णय करता येतो. f'''(1) = 60, म्हणजे शून्य नाही, एवढ्यावरच x = 1 चा निकाल लागतो. x = 0 येथे f''' शून्य येते, पण चौथे विकलज −120 आहे; दुसऱ्यानंतरचे पहिले शून्येतर विकलज सम क्रमाचे आल्यास वळण बदलत नाही. ही कसोटी सर्वत्र चालत नाही. x|x| या फलनाचे दुसरे विकलज x = 0 येथे अस्तित्वातच नाही, तरीही डावीकडे ते −2 आणि उजवीकडे 2 असल्यामुळे वळण तेथे खरोखर बदलते. दोन्ही बाजूंची चिन्हे पाहण्याची रीत अशा ठिकाणीही उपयोगी पडते, म्हणून मी नेहमी तीच वापरतो.