पीयूसीच्या मार्क्स कार्डावर बेरीज चुकली, प्राचार्यांना पत्र कसे लिहू?

प्रश्न : बेळगावात पीयूसीचे द्वितीय वर्ष, म्हणजे बारावी, पूर्ण झाले. मार्क्स कार्डाच्या फोटोत सहा विषयांचे गुण ७२, ६८, ८१, ६४, ७७, ७० आहेत. एकूण अंकात ४२३, अक्षरात मात्र चारशे बत्तीस. प्राचार्यांना काय लिहू?

उत्तर : गुण वाढवून मागू नका, फक्त छपाईची चूक दाखवा, तुमच्या सहा विषयांची बेरीज ४३२ येते आणि अक्षरातही तेच आहे, म्हणजे अंकात २ आणि ३ यांची अदलाबदल झाली आहे. मी कॉलेजच्या ऑफिसात असे अर्ज पुढे पाठवतो. क्लार्कला कार्डावरची ओळ लगेच सापडली, की काम सरकते. घरची अडचण सांगणारे लांब पत्र बाजूला पडते. मजकूर एवढा पुरे :

"मा. प्राचार्य, माझा रजिस्टर नंबर ... . सोबतच्या फोटोत सहा विषयांच्या गुणांची बेरीज ४३२ होते. एकूण गुण अक्षरात चारशे बत्तीस, पण अंकात ४२३ छापले आहेत. कृपया दुरुस्तीसाठी हा अर्ज बोर्डाकडे पाठवावा."

रजिस्टर नंबर फोटोत पुसट असेल तर अंदाजाने लिहू नका, हॉलतिकिटावरून घ्या. पत्र कन्नड किंवा इंग्रजीत दिलेले बरे, कारण पुढे ते बेंगळुरूला जाते. मूळ कार्डावर पेन लावू नका. ते मागितलेच तर पोच घेऊन द्या.

हे सगळे बेरजेच्या चुकीपुरते. एखाद्या विषयाचेच गुण कमी वाटत असतील तर प्राचार्यांचे पत्र चालत नाही, मुदतीत फेरमोजणी किंवा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो.