थांबलेली नोकरी आणि टॅरोच्या दहा कार्डांची क्रॉस मांडणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सहा वर्षांपासून एकाच पगारावर आहे. ‘माझी बढती कधी होईल?’ असे मनात धरून दहा कार्डे मांडली, पण काहीच उलगडले नाही. माझे कुठे चुकले? (मूर्तिजापूर तालुका)

चूक ‘कधी’ या शब्दात आहे. सेल्टिक क्रॉस या मांडणीत दहा जागा आहेत आणि त्यांतली एकही जागा तारखेची नाही. मधोमध पहिले कार्ड, म्हणजे आजची स्थिती. त्यावर आडवे दुसरे, म्हणजे अडसर. या जोडीच्या वर तिसरे कार्ड येते, ते मनातले ध्येय किंवा या परिस्थितीत साधता येईल ते उत्तम फळ सांगते. खाली चौथे, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. मागे पाचवे, म्हणजे सरत चाललेला काळ. आणि पुढे सहावे, म्हणजे नजीकचा काळ. त्यानंतर उजव्या हाताला खालून वर चार कार्डांचा खांब उभा राहतो. त्यात सातवे कार्ड स्वतःचे, आठवे भोवतालच्या माणसांचे, नववे आशा आणि भीतीचे, तर दहावे परिणामाचे असते.

या जागांना झेपेल असाच प्रश्न विचारला पाहिजे. वर्षानुवर्षे अडलेल्या कामासाठी मी ‘माझे काम कशामुळे अडले आहे आणि त्यातले माझ्या हातात काय आहे?’ असे विचारायला सांगते. प्रश्नात ‘किंवा’ आला की, म्हणजे ‘नोकरी सोडू किंवा थांबू’ असे विचारले की, प्रत्येक कार्ड नेमके कोणत्या वाटेबद्दल बोलते आहे हे सांगता येत नाही आणि वाचणारा आपल्या सोयीची वाट धरतो.

प्रश्न : कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आठ हंगाम झाले. सुपरवायझर व्हायचे आहे, पण दर वर्षी ‘पुढच्या हंगामात बघू’ एवढेच ऐकतो. दहावे कार्ड एट ऑफ कप्स आले. ओळखीतले एक जण म्हणाले, नोकरी जाणार. खरे आहे का? (घाटंजी तालुका)

तसा अर्थ या मांडणीतून निघत नाही. तुम्ही दहाही कार्डांचा फोटो आणि सोबत सविस्तर पत्र पाठवले, म्हणून क्रमाने सांगते. दहावे कार्ड मुद्दाम शेवटी घेते.

मधले पहिले कार्ड एट ऑफ पेंटॅकल्स आहे. बाकावर बसलेला कारागीर एकामागून एक नाणी कोरतो आहे आणि गाव त्याच्या मागे लांब राहिले आहे. हात कामात तरबेज आहे, पण काम करताना त्याला पाहणारे कोणी नाही. गाड्यांची रांग, भरलेल्या गाडीचे वजन, रिकामी करून पुन्हा वजन, पावती, ही तुमची आठ हंगामांची दिनचर्या या चित्रात जशीच्या तशी आहे. त्यावर आडवे फोर ऑफ पेंटॅकल्स आले आहे. त्यातल्या माणसाने एक नाणे छातीशी कवटाळले आहे, दोन पायांखाली दाबली आहेत आणि एक डोक्यावर तोलले आहे. त्याला हलायची सोयच उरलेली नाही. हे कार्ड मालकाच्या मुठीचे की तुमच्या, हा इथला खरा प्रश्न आहे, आणि तो या दोन कार्डांवरून सुटत नाही. पुष्कळ जण अडसर म्हटला की लगेच समोरच्याकडे बोट दाखवतात. मी चौथे कार्ड पाहिल्याशिवाय तसे करत नाही.

चौथ्या जागी फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स आहे. बर्फातून दोन फाटकी माणसे चालली आहेत आणि डोक्यावरच्या खिडकीत उजेड आहे. तुम्ही लिहिता की २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वेचणीचा कापूस हातचा गेला आणि त्यानंतरच तुम्ही काट्यावर लागलात. नोकरीची मुळे अशी त्या धास्तीत रुजलेली आहेत. आता आडव्या कार्डाचा अर्थ लागतो : महिन्याचा पगार छातीशी धरून बसलेला माणूस प्रामुख्याने तुम्हीच आहात. त्या वर्षी तसे धरणे बरोबर होते, हेही तितकेच खरे.

पाचव्या जागी सिक्स ऑफ वॉन्ड्स, म्हणजे विजयमाळ घातलेला घोडेस्वार आहे. काटा चुकीचे वजन दाखवतो हे तुम्ही एका हंगामात ओळखले आणि शेठनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, तो प्रसंग इथे बसतो. पण ही सरत्या काळाची जागा आहे. ती शाबासकी तुम्ही अजून जमेला धरली आहे. देणाऱ्याच्या खात्यात मात्र ती केव्हाच जिरली असावी. वरचे तिसरे कार्ड थ्री ऑफ पेंटॅकल्स आहे, आणि ते पहिल्याच्या शेजारी धरून पाहावे. तिथला कारागीरही कामातच आहे, पण इथे दोन माणसे हातात नकाशा घेऊन त्याच्याशी बोलत आहेत. तुम्हाला पगारवाढीइतकीच, कदाचित जास्तच, कोणीतरी विचारून काम करावे याची आस आहे. सहावे, पेज ऑफ पेंटॅकल्स, हे हातातल्या एका नाण्याकडे टक लावून पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे कार्ड आहे. नजीकच्या काळासाठी ते शिकणे सुचवते, बढती नव्हे.

आता उजवीकडचा खांब. थांबलेल्या नोकरीच्या मांडणीत मी सर्वांत जास्त वेळ सातव्या आणि आठव्या कार्डावर देते, कारण माणूस स्वतःला कसा पाहतो आणि भोवतालचे त्याला कसे पाहतात, यांतले अंतर तिथे दिसते. तुमच्या जागी द हँग्ड मॅन आहे. तो एका पायाने उलटा टांगलेला आहे, पण चेहरा शांत आहे आणि डोक्याभोवती प्रभा आहे. हे स्वखुशीने वाट पाहणे आहे. आपण गप्प राहून निष्ठेने काम करतो आहोत, त्याची किंमत आपोआप होईल, असा विश्वास आहे. आठव्या जागी किंग ऑफ पेंटॅकल्स आहे : द्राक्षांच्या नक्षीचा झगा, मांडीवर नाणे, निवांत बसलेला राजा. हे शेठ असावेत. या कार्डात दुष्टपणा नाही, तुमच्याबद्दल आकस नाही. काटा सुरळीत चालतो आहे, मग तिथला माणूस का हलवावा, एवढाच त्यांचा हिशेब. तुमची शांतता त्यांना समाधान वाटते. नवव्या जागी जजमेंट आहे, देवदूत तुतारी फुंकतो आणि माणसे उठतात. कोणीतरी नाव घेऊन बोलवील ही आशा, आणि बोलावलेच तर आपली परीक्षा होईल ही भीती, दोन्ही त्याच एका कार्डात आहेत.

सगळी कार्डे एकत्र पाहा. दहांपैकी सहा पेंटॅकल्सची आहेत, म्हणजे पैसा, हात, माल. स्वोर्ड्सचे एकही नाही. स्वोर्ड्स हे शब्दांचे, स्पष्ट बोलण्याचे, वेळप्रसंगी वादाचे घर आहे. संचातल्या ७८ कार्डांत त्यांची संख्या १४ असते आणि दहा कार्डांत एकही न येणे हे नुसत्या योगायोगाने शंभरातल्या बारा मांडण्यांत घडते. म्हणून एवढ्यावर मी कधीच निर्णय देत नाही. पण तुमच्या पत्रात ‘ऐकतो’ हा शब्द तीनदा आला आहे आणि ‘मी म्हणालो’ एकदाही नाही. मांडणी आणि पत्र एकच गोष्ट सांगू लागली की मी ती धरते : आठ हंगामांत तुम्ही सुपरवायझरची जागा स्वतःच्या तोंडाने मागितलेली दिसत नाही.

आता एट ऑफ कप्स. चंद्र वर आहे, एक माणूस काठी टेकत डोंगराकडे निघाला आहे आणि मागे आठ प्याले नीट रचलेले आहेत. एकही फुटलेला नाही, कोणी त्याला हाकललेले नाही. वरच्या रांगेत मात्र एका प्याल्याची जागा रिकामी आहे. हे कामावरून काढण्याचे कार्ड नाही. भरलेले असूनही पुरे पडत नाही, असे काहीतरी आपणहून मागे ठेवण्याचे आहे. काय मागे ठेवायचे, हे सातवे कार्ड सांगते : टांगून राहणे. नोकरी सोडावीच लागेल असे मी या मांडणीवरून म्हणणार नाही. सध्याच्या वाटेने गेल्यास मन तिथून उठेल, इतके मात्र ती सांगते.

पेजची वाट हाताशी आहे. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तुमच्या कामाला जोडून तिथे काय शिकता येईल, याची चौकशी हंगाम सुरू होण्याआधी करा. त्यानंतर शेठसमोर बसून जागा, जबाबदारी आणि पगार या तिन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत मागा. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की ते बोलणे पुन्हा राहील.

प्रश्न : वेगवेगळे शिक्षक तिसरे ते सहावे कार्ड वेगवेगळ्या क्रमाने ठेवायला शिकवतात. कोणता क्रम खरा? आणि आडवे कार्ड उलटे आले तर? (चिमूर तालुका)

आर्थर एडवर्ड वेट यांनी ही मांडणी १९१० च्या सुमारास छापून प्रसिद्ध केली आणि पामेला कोलमन स्मिथ यांच्या चित्रांचा १९०९ चा संच तिच्यासोबत जगभर गेला. त्यांचा क्रम वर, खाली, मागे, पुढे असा आहे, आणि वर मी तोच वापरला आहे. दुसरा क्रम चुकीचा नव्हे, फक्त कार्डे उलगडण्याआधी तो ठरलेला असावा. घाटंजीच्या मांडणीत चौथे आणि पाचवे कार्ड अदलाबदल केले, तर मुळाशी शाबासकी येते आणि बोंडअळीची धास्ती सरून गेलेली ठरते. अडसराचे सगळे वाचनच फिरते. कार्डे पाहून मग सोयीचा क्रम निवडणे म्हणजे उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारणे. दुसरे कार्ड आडवेच असते, म्हणून ते सुलटे धरूनच वाचतात.

प्रश्न : खासगी दवाखान्यात दहा वर्षे नर्स आहे. दहाव्या जागी टॉवर आले, म्हणून त्याच रात्री आणखी तीनदा मांडले. दर वेळी वेगळे निघाले. आता कोणते धरू? (हिंगणघाट तालुका)

पहिले धरा, ताई. पुढच्या तीन मांडण्या तुम्ही नोकरीबद्दल केल्या नाहीत. त्या टॉवरच्या भीतीबद्दल केल्या आणि कार्डांना तेच विचारले गेले. टॉवरमध्ये वीज पडून बुरुजाचा मुकुट उडतो, म्हणून ते पाहताच छातीत धस्स होते, हे मी समजू शकते. पण दहा वर्षे जागच्या जागी राहिलेल्या नोकरीत ‘काहीतरी अचानक मोडेल’ हे वाक्य किती वाईट आहे, हे चौथ्या आणि आठव्या कार्डावर अवलंबून असते, आणि ती तुम्ही कळवलेली नाहीत. त्या दोन जागी काय होते ते वहीत पाहून लिहा.

दहाव्या कार्डाने खरोखर काहीच निर्णय दिला नाही, तर पुन्हा मांडण्याची सोय वेट यांनीच ठेवली आहे, पण तिची रीत वेगळी आहे. तेच दहावे कार्ड संचातून काढून मध्ये ठेवायचे, बाकीची कार्डे पिसायची आणि त्याच्यावर नवी दहा मांडायची, म्हणजे दुसरी मांडणी पहिलीला खोडत नाही, तिच्या शेवटापासून पुढे चालते. तुम्हाला तसे करायचे असेल, तर टॉवर मध्ये ठेवा आणि ‘यातून काय मोडेल आणि त्या वेळी माझ्या हातात काय असेल?’ असे विचारा. मात्र रात्रपाळीहून आल्या आल्या नको. झोप झाल्यावर, दिवसाउजेडी मांडा.