खिळा न मारता भिंतीवर फ्रेम

प्रश्न: भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिळे ठोकायला मनाई आहे. दीड किलोची फोटोफ्रेम कशी लावू? रंग निघाला तर डिपॉझिट जाईल.

भिंतीला प्लास्टिक इमल्शन असेल तर खेचून निघणाऱ्या चिकटपट्ट्या लावा. साधा डिस्टेंपर असेल तर अजिबात लावू नका. हात फिरवून पाहा: बोटांना पांढरी भुकटी लागली तर तो डिस्टेंपर. पट्टी भिंतीला नव्हे, रंगाच्या थराला चिकटते, आणि हा थर वजनासकट सुटतो. अशा भिंतीवर फ्रेम पडद्याच्या रॉडवरून नायलॉनच्या दोरीने सोडा.

इमल्शनवर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. घरगुती क्लीनर नको, त्याचा थर मागे राहतो. पाकिटावरचं वजन बघून दीड किलोला पुरून उरतील इतक्या पट्ट्यांच्या जोड्या घ्या. जोडीतल्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकवा, एक बाजू फ्रेमच्या मागे चिकटवा, दुसरी भिंतीला. फ्रेम ३० सेकंद दाबा, मग खालून उचलून काढा, भिंतीवरच्या पट्ट्या पुन्हा ३० सेकंद दाबा आणि तासाभराने फ्रेम परत लावा. ही तासाभराची वाट टाळली की फ्रेम खाली येऊ शकते.

काढताना आधी फ्रेम उतरवा, मग पट्टीची शेपटी भिंतीलगत सरळ खाली, सावकाश ताणा. स्वतःकडे ओढलीत की रंगाचा पोपडा आलाच. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर मात्र इमल्शनचाही भरवसा नाही.